डिझायनरचा मेल जातो, उत्तर येत नाही: बिघाड नेमका कुठे?

तक्रार ओळखीची आहे. फ्रीलान्स डिझायनर लहान उद्योगांना मेल पाठवतो. काम चांगलं असतं, पोर्टफोलिओही नीट असतो, पण तिकडून काहीच येत नाही. मग तो मजकूर थोडा फिरवून आणखी तीस जणांना पाठवतो आणि पुन्हा शांतता. ‘लहान धंदेवाल्यांना डिझाइनची किंमत नाही’ हा निष्कर्ष इथे फार लवकर काढला जातो. आधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते शोधावं. मेल पोचत नसेल, पोचूनही वाचला जात नसेल, किंवा वाचून ‘बघू’ म्हणून बाजूला पडत असेल, तर तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे.

पहिला टप्पा: मेल पोचतो का?

हे तपासायला दहा मिनिटं लागतात. स्वतःच्या डोमेनवरून मेल पाठवत असाल तर एक मेल एखाद्या मित्राच्या जीमेलवर पाठवा. त्याच्या संगणकावर तो मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेन्यूतलं `Show original` दाबायला सांगा. वरच्या तक्त्यात `SPF` आणि `DKIM` यांच्यासमोर `PASS` दिसायला हवं. मेल खरोखर तुमच्याच डोमेनवरून आला आहे, हे पटवणाऱ्या या दोन तपासण्या आहेत. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलच्या खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे या दोहोंपैकी निदान एक असणं गूगलने बंधनकारक केलं आहे.

इथे वारंवार दिसणारा दोष म्हणजे एकाच डोमेनवर दोन एसपीएफ नोंदी. होस्टिंग घेताना एक आपोआप बसलेली असते, नंतर गूगलची मेलसेवा घेतल्यावर आपण दुसरी टाकतो. दोन नोंदी असल्या की तपासणीच चुकीची ठरते आणि दोन्ही निकामी होतात. त्यांची मिळून एकच ओळ करायची. खालच्या ओळीत `spf.example.com` च्या जागी तुमच्या होस्टिंगवाल्याने दिलेलं नाव येईल.

```
v=spf1 include:_spf.google.com include:spf.example.com ~all
```

साध्या जीमेल पत्त्यावरून पाठवत असाल तर हा भाग सोडून द्या. तिथे अडचण वेगळीच असते: एकच मजकूर ‘बीसीसी’मध्ये चाळीस पत्ते घालून पाठवला की तो स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. शिवाय ज्याला मिळतो त्यालाही कळतं की हे गठ्ठ्यातलं पत्र आहे.

मेल उघडला की नाही हे सांगणाऱ्या ट्रॅकरवर फार विसंबू नका. ॲपलचं मेल ॲप 2021 पासून मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे कुणी वाचलं नसतानाही ‘उघडला’ असं दिसू शकतं.

दुसरा टप्पा: योग्य पत्त्यावर जातो का?

लहान उद्योगाच्या वेबसाइटवरचा `info@` पत्ता बहुतेकदा वेबसाइट बनवणाऱ्याने दिलेला असतो. पासवर्ड कुणाकडे आहे हे मालकालाही आठवत नसतं. पाकीटबंद मालाचा धंदा असेल तर त्याहून चांगला पत्ता मालावरच छापलेला सापडतो. वैधमापनशास्त्राच्या पॅकेजबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे ग्राहकाने तक्रार कुठे करायची ते वेष्टनावर द्यावं लागतं, आणि तिथे फोननंबरसोबत बऱ्याचदा ईमेलही असतो. हा पत्ता कुणीतरी पाहत असतं, कारण दुकानदारांचे निरोप आणि तक्रारी तिथेच येतात. मेल पाठवल्यावर त्याच नंबरवर एका ओळीचा व्हॉट्सॲप निरोप टाका: ‘आपल्या लेबलाबद्दल मेल पाठवला आहे, सवडीने पाहावा.’ पूर्ण मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवू नका, तो वर सरकून हरवतो.

तिसरा टप्पा: वाचतो, पण उत्तर देत नाही

खरा बिघाड बहुतेक वेळा इथेच असतो, म्हणून जरा सविस्तर पाहू. सोयीसाठी एक उदाहरण बांधून घेऊ. सिंधुदुर्गातला एक घरगुती उद्योग आहे. कोकम आगळ, कोकम सरबताचा पाक, आमसुलं, कुळथाचं पीठ असा माल. नवराबायको आणि हंगामात चारसहा बायका कामाला. माल स्थानिक दुकानांत जातो, मुंबई-पुण्याच्या कोकणी मालाच्या दुकानांत जातो आणि गेल्या वर्षापासून ऑनलाइनही विकला जातो.

या उद्योगाला जाणारा नेहमीचा मेल असा असतो:

> आदरणीय महोदय, मी एक सर्जनशील ग्राफिक डिझायनर असून लोगो, ब्रोशर, पॅकेजिंग, वेबसाइट व सोशल मीडिया या सर्व सेवा वाजवी दरात पुरवतो. आपल्या ब्रँडला नव्या उंचीवर नेण्यास मी उत्सुक आहे. सोबत पोर्टफोलिओ जोडला आहे.

यात कोकम कुठेच नाही. हेच पत्र टायरच्या दुकानालाही जाऊ शकतं, आणि मालकाला ते पहिल्या ओळीतच कळतं. डिझायनरला स्वतःलाही हे जाणवतं, म्हणून तो पुढच्या वेळी ‘अभ्यास’ करून लिहितो:

> आपल्या बाटलीचं लेबल पाहिलं. फॉन्ट जुनाट वाटतो, रंगसंगती विस्कळीत आहे आणि एकंदर मांडणी आधुनिक ग्राहकाला आकर्षित करणारी नाही.

माझ्या मते हा मेल पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्याकडे दुर्लक्ष होतं, याने माणूस दुखावतो. ते लेबल भाच्याने रात्री बसून केलेलं असतं, किंवा प्रेसवाल्याने छपाईसोबत फुकट करून दिलेलं असतं, आणि त्याच लेबलावर दहा वर्षं माल खपलेला असतो. ‘फॉन्ट जुनाट आहे’ ही डिझायनरची अडचण आहे. त्यापायी मालकाचा एक रुपयाही गेलेला नाही, निदान त्याला तसं दिसलेलं नाही.

मग त्याची अडचण शोधायची कुठे? ती बाहेरूनही दिसते, फक्त पाहण्याची जागा वेगळी. ऑनलाइन दुकानांवरचे आणि गूगल मॅपवरचे एक-दोन तारेवाले अभिप्राय आधी वाचा. आपल्या उदाहरणात ते असे आहेत: ‘सरबत म्हणून मागवलं, भयंकर खारट आहे’, ‘मुलांनी तोंडाला लावलं नाही, पैसे वाया’, ‘खराब माल, नुसतं मीठ’. कोकणातल्या माणसाला यात काय घडलंय ते लगेच कळेल. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, सोलकढीसाठी. सरबताचा पाक साखरेचा. दोन्ही गडद लाल, दोन्ही सारख्याच पारदर्शक बाटलीत, आणि लेबलही एकच. वर मोठ्या अक्षरात ‘कोकम’, खाली बारीक अक्षरात ‘आगळ’ किंवा ‘सरबत’. रत्नागिरीच्या दुकानात हे चालून जातं, कारण गिऱ्हाईक तोंडाने मागतं आणि दुकानदार बरोबर बाटली देतो. फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या फोटोत ती बारीक अक्षरं दिसतच नाहीत.

एकाच अभिप्रायावर इमारत उभी करू नका, चुकून कुणी काहीही लिहितं. एकच गोष्ट तीन-चार वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली दिसली तरच ती धरा. त्यानंतर एखाद्या दुकानात जाऊन दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून फोटो काढा आणि दुकानदाराला विचारा, ‘यात लोकांचा घोळ होतो का?’ तो हसून सांगेलच. ‘फोडलेली बाटली परत घेऊन येतात’ असं तो म्हणाला, तर मालकाचं नुकसान नेमकं कुठे होतं ते तुम्हाला कळलं.

तक्रार सापडली नाही तर काय, असं विचारलं जातं. तर त्या उद्योगाला मेल पाठवू नये. त्यांचं काम ठीक चाललं आहे.

मेलमध्ये काय मागायचं, काय द्यायचं

अडचण बरोबर धरली तरी पुढचा दोष प्रस्तावात असतो. ‘यावर चर्चा करायला आवडेल’ हे वाक्य मालकाच्या डोक्यावर काम टाकतं. त्याला वेळ काढायचा, फोन करायचा, आणि शेवटी आकडा किती येईल ते माहीत नाही. लहान धंद्यात अशी अनिश्चित गोष्ट नंतरसाठी ठेवली जाते. म्हणून एकच काम, एकच आकडा आणि एकच तारीख द्यावी.

त्याआधी त्याच्या मनात येणाऱ्या तीन शंका ओळखायला हव्यात. पहिली: ‘प्रेसवाला डिझाइन फुकट करतो.’ त्याच्याशी स्पर्धा करू नका. छपाई त्याच्याकडेच राहील आणि त्याला चालेल अशी फाइल मिळेल, हे स्पष्ट लिहा. गावाकडच्या बऱ्याच प्रेसमध्ये कोरलड्रॉवर काम चालतं आणि देवनागरी फॉन्ट एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेले की जोडाक्षरं तुटतात. त्यामुळे अक्षरं आउटलाइनमध्ये बदललेली, सीएमवायके रंगांतली, चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड असलेली पीडीएफ द्यायची. मालकाला हे शब्द सांगायची गरज नाही, प्रेसवाल्यासाठी वेगळी ओळ पुरते.

दुसरी शंका कुणी बोलून दाखवत नाही: ‘जुनी लेबलं गोदामात पडून आहेत.’ लेबलं हजारांत छापली तरच परवडतात. नवं लेबल म्हणजे जुनी रद्दी, हा हिशोब मालक सगळ्यात आधी करतो आणि मेल बंद करतो. यावर उत्तर आहे: जुन्या लेबलावर समोरच्या बाजूला लावायचा लहान गोल स्टिकर. एकावर ‘खारट, सोलकढीसाठी’, दुसऱ्यावर ‘गोड, सरबतासाठी’. मात्र जपून. निव्वळ वजन, एमआरपी, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआयचा 14 आकडी क्रमांक यांपैकी काहीही त्याखाली झाकलं जाता कामा नये. कायद्याने आवश्यक असलेला मजकूर वेगळा स्टिकर चिकटवून बदलायलाही सहसा परवानगी नाही. आपला स्टिकर फक्त जादा खुलासा करतो, त्यामुळे तो मोकळ्या जागीच बसवायचा.

तिसरी शंका ‘हा मनुष्य कोण?’ तिला मोठा पोर्टफोलिओ नको. खाद्यपदार्थाच्या वेष्टनाचं एखादं काम आणि तुमचा नंबर पुरेसा. ड्राइव्हची लिंक देत असाल तर ती दुसऱ्या खात्यातून उघडून बघा. ‘परवानगी मागा’ असा पडदा आला तर समोरचा परवानगी मागत बसणार नाही.

आता पूर्ण मेल. विषयाच्या ओळीतले पहिले पाच-सहा शब्दच फोनवर दिसतात, म्हणून नेमकी गोष्ट आधी.

> विषय: आगळ आणि सरबत, लेबल सारखं असल्याचा घोळ
>
> नमस्कार,
>
> आपलं कोकम आगळ आम्ही घरी वापरतो. ऑनलाइन मागवताना अभिप्राय वाचले, तेव्हा चार जणांनी ‘सरबत खारट आहे’ म्हणून एक तारा दिलेला दिसला. चौघांनीही आगळ सरबत समजून घेतलं होतं. माल चांगला आहे, पण दोन्ही बाटल्या समोरून सारख्या दिसतात. दादरच्या एका दुकानात काढलेला फोटो सोबत आहे. तिथले दुकानदारही म्हणाले की महिन्यातून एखादी फोडलेली बाटली परत येते.
>
> एक गोष्ट आपण लगेच करू शकता: आगळाला पांढरं आणि सरबताला लाल झाकण. दुकानातला घोळ त्याने बराच कमी होईल. ऑनलाइन गिऱ्हाइकाला मात्र झाकणाचा अर्थ कळणार नाही, त्यासाठी लेबलच बदलावं लागेल.
>
> मी वेष्टनं डिझाइन करतो. आपल्यासाठी एवढंच काम सुचवतो:
>
> आगळ आणि सरबत, दोन्हींचं समोरचं लेबल नव्याने. नाव मोठं, खाली ‘खारट, सोलकढीसाठी’ आणि ‘गोड, सरबतासाठी’, एकावर वाटी, दुसऱ्यावर पेला. आपला लोगो आणि लाल रंग तोच राहील. मागच्या बाजूचा मजकूर मी बदलणार नाही. शिल्लक लेबलं वाया जाऊ नयेत म्हणून त्यांवर लावायचे दोन गोल स्टिकरही त्यातच.
>
> एकूण 10,000 रुपये, वेगळा जीएसटी नाही. निम्मे सुरुवातीला, निम्मे फाइल दिल्यावर. दोन वेळा दुरुस्त्या यात धरल्या आहेत. होकारापासून दहा दिवसांत छपाईची फाइल. छपाई आपल्याच प्रेसमध्ये, त्यांना लागेल त्या स्वरूपात फाइल देईन.
>
> नव्या हंगामाची लेबलं मार्चमध्ये छापत असाल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात करायला हवी. करायचं असल्यास ‘हो’ एवढंच कळवा, मी फोन करतो.
>
> (नाव, फोन, मागच्या एका कामाची लिंक)

यातल्या काही गोष्टींवर डिझायनर मित्र वाद घालतात. झाकणाची कल्पना फुकट का द्यायची? कारण ती खरोखर उपयोगी आहे, आणि ती वाचून मालकाला पटतं की या माणसाला धंदा समजतो. काही जण झाकणं बदलून थांबतील. ते तसेही दहा हजार देणारे नव्हते.

‘आम्ही घरी वापरतो’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. नसेल तर ‘आपलं आगळ दुकानात पाहिलं’ एवढं पुरे. चार अभिप्राय म्हटलं तर चारच असावेत, कारण मालक ते उघडून मोजणार. त्याला ते तोंडपाठ असण्याचीही शक्यता आहे. दुकानाचं नाव मात्र देऊ नका, दुकानदाराने सहज सांगितलेली गोष्ट त्याच्या अंगावर येऊ नये.

तयार केलेलं नवं लेबल मेलसोबत पाठवायचं का? मी पाठवत नाही. न विचारता केलेलं डिझाइन आवडलं नाही तर गोष्ट तिथेच संपते, आणि आवडलं तर ते प्रेसवाल्याकडे जातं. शेजारी ठेवलेल्या दोन बाटल्यांचा फोटो जास्त बोलतो. तो एक एमबीच्या आत आणा, गावात नेटवर्क कमकुवत असलं तरी उघडेल.

जीएसटीची ओळ तुमच्या परिस्थितीप्रमाणे लिहा. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. नोंदणी असेल तर करासह आकडा सांगा, मागाहून 18 टक्के वाढले की माणूस बिथरतो.

सगळं बरोबर, तरी शांतता: वेळ तपासा

कोकमाची फळं एप्रिल-मेमध्ये काढली जातात. त्या दोन महिन्यांत रस काढणं, मीठ मुरवणं, पाक करणं हे सगळं पावसाच्या आत उरकायचं असतं आणि सरबताची विक्रीही तेव्हाच जोरात असते. एप्रिलमध्ये गेलेला मेल कितीही चांगला असला तरी वाचायला माणूस जागेवर नसतो. हा मेल डिसेंबर-जानेवारीत जायला हवा. दिवाळीचा फराळ विकणाऱ्यांना गणपतीच्या आधी, आंबेवाल्यांना पेटी-खोक्यांच्या ऑर्डर जाण्याआधी. प्रत्येक धंद्यात वेष्टन छापायला टाकण्याचा एक महिना ठरलेला असतो. प्रेसवाल्याला विचारलं की तो सांगतो.

चौथा टप्पा: ‘बरं, विचार करून सांगतो’

उत्तर आलं आणि मग थांबलं, तर बहुतेक वेळा कारण दोनांपैकी एक असतं. आकडा एकदम जड वाटला, किंवा निर्णय घेणारं माणूस दुसरंच आहे. घरगुती उद्योगात मेल मुलगा वाचतो, पैशाचं आई ठरवते. आकड्याबद्दल घासाघीस सुरू झाली तर दर कमी करण्यापेक्षा काम कमी करा: ‘आधी फक्त स्टिकर करू, 2,500 रुपये. अभिप्राय सुधारले तर लेबलाचं बघू.’ दर पाडला की पुढच्या प्रत्येक कामाला तोच दर चिकटतो, काम छोटं केलं की तसं होत नाही.

एक मर्यादा होकार आल्यावर लगेच सांगावी. ऑनलाइन पानाच्या शीर्षकातच ‘कोकम ज्यूस’ असं लिहिलेलं असेल तर लेबल बदलूनही काही लोक फसणारच. ते शीर्षक आणि पहिला फोटो बदलणं मालकाच्या हातात आहे. हे आधी न सांगता काम केलं, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ‘खारट’ आलं, तर दोष डिझाइनवर येतो.

काहीच उत्तर नसेल तर आठवड्याने त्याच मेलला जोडून दुसरा पाठवा. ‘माझा मेल मिळाला का?’ असं विचारू नका, काहीतरी नवं द्या:

> नमस्कार, काल आणखी एका गिऱ्हाइकाने आगळाला ‘गोड नाही’ म्हणून दोन तारे दिलेत, लिंक खाली आहे. त्यांना आपल्याकडून दोन ओळींचं उत्तर गेलं तर पुढचे वाचणारे सावध होतील. हे आगळ आहे, सोलकढीसाठी, सरबताची बाटली वेगळी मिळते, एवढं लिहिलं तरी चालेल. लेबलाचं काम या हंगामाआधी करायचं नसेल तर तसं कळवलंत तरी हरकत नाही.

नवं काही सापडलं नसेल तर दुसरा मेल नको. आणि दुसऱ्यालाही उत्तर आलं नाही तर ते नाव यादीत पुढच्या डिसेंबरासमोर लिहून ठेवा. तेव्हा पुन्हा पाठवण्याआधी अभिप्राय नव्याने वाचा, कदाचित तोवर झाकणं बदललेली असतील.